हॉप-अप : छऱ्याची उलटी फिरकी

एअरसॉफ्ट बंदुकीच्या आतल्या नळीच्या मागच्या टोकाशी, छर्रा जिथे येऊन थांबतो त्या जागी, रबराची एक छोटी बाही बसवलेली असते. नळीला वरच्या बाजूने एक खाच असते आणि त्या खाचेतून या रबराचा उंचवटा आत डोकावतो. मागून हवेचा दाब आला की छर्रा या उंचवट्याखालून घासत पुढे सरकतो. त्याचा माथा रबराला अडतो, बाकीचा गोळा हवेच्या जोराने पुढे रेटला जातो आणि छर्रा स्वतःभोवती उलटा फिरू लागतो. वरची बाजू नेमबाजाकडे, खालची बाजू लक्ष्याकडे, अशी ही फिरकी असते. या सगळ्या रचनेला हॉप-अप म्हणतात. बंदुकीची ताकद जराही न वाढवता तिचा पल्ला जवळजवळ दीडपट करण्याचे काम ही रबरी बाही करते.

एअरसॉफ्टचा खेळ जपानमधला. तिथे खऱ्या बंदुकांवर कडक निर्बंध असल्याने प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या हुबेहूब प्रतिकृतींचा धंदा वाढला. टोकियो मारुई या कंपनीने १९९१ मध्ये बॅटरीवर चालणारी फॅमास रायफल बाजारात आणली आणि मोटर, गिअर व पिस्टनवर चालणाऱ्या बंदुकांचे युग सुरू झाले. पुढे २००६ मध्ये जपानने कायद्यात बदल करून या बंदुकांच्या ताकदीवर मर्यादा घातली. ६ मिलिमीटरच्या छऱ्यासाठी ती साधारण ०.९८ ज्यूल इतकी येते. ताकद वाढवून पल्ला वाढवण्याचा मार्ग असा बंद झाला की उरतो तो हॉप-अपचा. म्हणून ही जपानी मर्यादा पुढच्या हिशेबासाठी सोयीची आहे.

छऱ्याचा व्यास प्रत्यक्षात ५.९५ मिलिमीटर असतो. सर्वांत रुळलेले वजन ०.२० ग्रॅम. ०.९८ ज्यूल ऊर्जेने तो सुटला तर नळीच्या तोंडाशी त्याचा वेग सेकंदाला ९९ मीटर भरतो. हा वेग मोठा वाटतो, पण तो टिकत नाही. छर्रा इतका हलका असतो की सुटतानाच हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या ३५ पटींहून अधिक असतो. परिणामी सुमारे साडेअठरा मीटर जाईपर्यंत वेग निम्मा होतो, पुढच्या साडेअठरा मीटरमध्ये पुन्हा निम्मा, आणि असेच पुढे. इकडे गुरुत्वाकर्षण मात्र आपले काम एकसारखे करत राहते. खांद्याच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर बंदूक अगदी आडवी धरून हॉप-अपविना छर्रा मारला, तर तो तेहतीस मीटरच्या आसपास जमिनीला लागतो.

नळी थोडी वर उचलली तर छर्रा अधिक दूर जातोच. परंतु मग तो कमान करून जातो. वाटेत समोरच्याच्या डोक्यावरून निघतो आणि शेवटी तिरका खाली उतरतो. अंतराचा अंदाज दोन-तीन मीटरने चुकला तरी नेम हुकतो. हॉप-अपचा फायदा नुसत्या लांबीत मोजू नये तो यासाठीच. छर्रा वाटेतला बहुतेक प्रवास जवळजवळ सरळ रेषेत करतो, हा त्याचा खरा लाभ आहे.

उलटी फिरकी छऱ्याला वर कशी धरते, हे क्रिकेट पाहणाऱ्याला समजायला अवघड जाऊ नये. लेगस्पिनरचा फ्लिपर उलट्या फिरकीने येतो, त्यामुळे चेंडू हवेत किंचित जास्त तरंगतो आणि फलंदाजाच्या अंदाजापेक्षा पुढे टप्पा घेतो. फिरणाऱ्या गोळ्याचा पृष्ठभाग आपल्या अंगाला चिकटलेली हवा सोबत ओढतो. उलट्या फिरकीत माथ्यावरची हवा गोळ्याला अधिक वेळ धरून राहते आणि मागच्या बाजूने खालच्या दिशेने सुटते. हवा खाली ढकलली गेली की गोळा वर ढकलला जातो. बर्लिनचे भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख गुस्ताव मॅग्नस यांनी १८५० च्या दशकात याचा अभ्यास केला आणि या परिणामाला त्यांचे नाव लागले.

त्यांच्या शंभर वर्षे आधी इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी मात्र हीच गोष्ट थेट बंदुकीवर दाखवली होती. गोल गोळ्या डावी-उजवीकडे का भरकटतात, याचा शोध घेताना त्यांनी एका बंदुकीची नळी टोकाशी डावीकडे वाकवली. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे वळून उजवीकडे आली. वाकलेल्या नळीत ती एका बाजूच्या भिंतीला घासत, फिरत बाहेर पडली होती. हॉप-अपमध्ये रबर छऱ्याच्या माथ्यावर जे करते ते तत्त्वतः याहून वेगळे नाही. हे रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आले आणि १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेला, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारले.

आता या सगळ्यातला कळीचा मुद्दा. गुरुत्वाकर्षण प्रवासभर तेवढेच राहते, पण फिरकीने मिळणारा वरचा जोर छऱ्याच्या वेगावर अवलंबून असतो. वेग घटला की तोही घटतो. तेव्हा हा जोर छऱ्याच्या वजनाइतका सगळ्या वाटेवर कधीच असू शकत नाही. तो एकाच ठिकाणी तंतोतंत जुळतो. त्याआधी जोर जास्त, म्हणून छर्रा किंचित वर चढतो. त्यानंतर कमी, म्हणून तो खाली येतो. अगदी सरळ जाणारा छर्रा असा नसतोच. चांगला लावलेला हॉप म्हणजे हा चढ आणि हा उतार दोन्ही इतके कमी ठेवणे, की नेम धरणाऱ्याला ते जाणवू नयेत.

०.२० ग्रॅमच्या छऱ्यावर हिशेब करून पाहता येतो. हवा स्थिर आहे, बंदूक आडवी आहे, गोळ्यासाठी हवेच्या विरोधाचा नेहमीचा गुणांक सुमारे ०.४५ आहे आणि वरचा जोर वेगाच्या प्रमाणात घटतो, असे धरावे. नळीच्या तोंडाशी वरचा जोर वजनाच्या दुप्पट असेल इतकी फिरकी दिली, तर छर्रा तिसाव्या मीटरपर्यंत नेमाच्या रेषेपेक्षा जेमतेम पाव मीटर वर चढतो, चाळिसाव्या मीटरवर पुन्हा रेषेशी येतो आणि पन्नासाच्या सुमारास जमिनीला टेकतो. तेहतीस मीटरचे पन्नास झाले, तेही चाळिसाव्या मीटरपर्यंत टोपीभर उंचीच्या फरकाने.

हीच फिरकी आणखी वाढवून वरचा जोर सुरुवातीला वजनाच्या तिप्पट केला, तर चाळिसाव्या मीटरवर छर्रा नेमापेक्षा एक मीटर आणि तीस-चाळीस सेंटिमीटर वर असतो. तो दूर जातो हे खरे, पण कोणालाच लागत नाही. एअरसॉफ्टच्या मैदानावर नवखा खेळाडू छर्रा दूर उडताना पाहून खूश होतो आणि हॉप वाढवत नेतो. त्याचे छर्रे समोरच्याच्या डोक्यावरून जात राहतात. जास्तीत जास्त दूर पडणारा छर्रा हा हॉप चांगला लागल्याचा पुरावा मानू नये.

इथे वजनाचा प्रश्न येतो. बंदूक तीच, ऊर्जा तीच ०.९८ ज्यूल, पण छर्रा ०.२० ऐवजी ०.२८ ग्रॅमचा घातला. तो नळीतून सेकंदाला ८४ मीटरच्या आसपास वेगाने निघतो, म्हणजे हलक्या छऱ्यापेक्षा बराच संथ. मात्र दोन्हींचा आकार एकच असल्याने हवेचा विरोध दोघांनाही सारख्याच मापाने होतो, आणि जड छऱ्यावर त्याचा परिणाम कमी पडतो. त्याचा वेग निम्मा व्हायला साडेअठराऐवजी जवळजवळ सव्वीस मीटर लागतात. सोळाव्या मीटरच्या आसपास दोघांचा वेग सारखा होतो आणि तिथून पुढे जड छर्राच वेगवान असतो. पन्नासाव्या मीटरला हलका छर्रा सेकंदाला पंधरा मीटरवर उतरलेला असतो, तर जड छर्रा बावीसवर. पन्नास मीटर पार करायलाही जड छऱ्यालाच कमी वेळ लागतो.

पण ०.२० साठी लावलेला हॉप तसाच ठेवून ०.२८ मारला तर यातले फारसे पदरात पडत नाही. वजन ४० टक्क्यांनी वाढलेले, वेग कमी झालेला. त्यामुळे सुरुवातीचा वरचा जोर वजनाच्या दुप्पट न राहता सव्वापटीच्या आसपास येतो. छर्रा जवळच झुकू लागतो, चाळिसाव्या मीटरवर नेमापेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक खाली जातो आणि पन्नास मीटर गाठण्याआधीच पडतो. वापरणारा म्हणतो, जड छर्रे या बंदुकीला झेपत नाहीत. वस्तुतः हॉपच लावलेला नसतो. रबराचा दाब वाढवून वरचा जोर वजनाच्या साधारण १.७ पट केला, तर छर्रा पूर्वीइतकाच पाव मीटर चढतो, चाळिसाव्या मीटरवरही नेमाच्या रेषेच्या थोडा वरच असतो आणि पडतो तो सत्तावन्न मीटरच्या आसपास. शिवाय तो वाऱ्याने कमी हलतो. एक ज्यूलच्या आतल्या बंदुकीत मोकळ्या मैदानासाठी ०.२५ ते ०.३० ग्रॅमचे छर्रे हीच शहाणपणाची निवड आहे, ०.२० चे छर्रे आतल्या खोल्यांमधल्या जवळच्या खेळाला पुरेसे आहेत. दीड ज्यूलच्या बंदुकांना ०.३० ते ०.३६ मानवतात आणि त्याहून ताकदीच्या स्नायपर रायफलींना ०.४० किंवा अधिक. सगळ्यात दूरचा आकडा गाठण्यासाठी वजन वाढवतच जावे असे मात्र नाही. रबर जितकी फिरकी देऊ शकते तिलाही मर्यादा आहे. डायल शेवटपर्यंत फिरवूनही छर्रा चढत नसेल, तर तो छर्रा त्या बंदुकीसाठी जड आहे.

हॉप लावण्याचे काम नळी साफ करण्यापासून सुरू होते. आधी मॅगझिन काढावे, सुरक्षित दिशेने एक-दोन वेळा चाप ओढून आत छर्रा राहिला नसल्याची खात्री करावी, आणि हॉप पूर्ण सैल करावा. नाहीतर सफाईच्या काडीचा घाव रबराच्या उंचवट्यावर बसतो. काडीला कोरडे मऊ कापड गुंडाळून नळी पुसून घ्यावी. अनेकांचा घोळ इथेच होतो. बंदुकीच्या इतर भागांसाठी आणलेला सिलिकॉन स्प्रे नळीत मारला जातो, तो रबरावर पोहोचतो आणि रबराची पकड जाते. हॉप-अप घर्षणावर चालतो. तेलकट रबरावरून छर्रा घसरून जातो. असे झाले तर कापडाला थोडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रबर पुसावे आणि पूर्ण सुकू द्यावे.

मग ज्या वजनाचे छर्रे खेळताना वापरायचे तेच भरावेत. चाळीस मीटरवर माणसाच्या छातीएवढे लक्ष्य उभे करावे आणि वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी, बंदूक टेकूवर आडवी ठेवून एकेक छर्रा मारावा. डायल अथवा चाक सैल बाजूला असताना छर्रे लवकर खाली येताना दिसतील. चाक थोडे फिरवावे, चार-पाच छर्रे मारावेत, उडण्याची रेषा पाहावी, पुन्हा थोडे फिरवावे. एकेका छऱ्यावरून निर्णय घेऊ नये, कारण छऱ्याछऱ्यात फरक असतोच. पाठीवर सूर्य असेल आणि समोर गडद झाडी असेल तर पांढरा छर्रा शेवटपर्यंत दिसतो, आणि हॉप लावणाऱ्याला त्याच्याइतका कामाचा पुरावा दुसरा कोणताही नाही.

रेषा वाचता आली पाहिजे. सुरुवातीपासूनच छर्रा हळूहळू खाली वाकतो, तेव्हा फिरकी कमी. सरळ जाता जाता पंचवीस-तीस मीटरवर तो एकदम वर उचलला जातो, तेव्हा फिरकी जास्त. लांबवर सरळ, शेवटी जेमतेम जाणवेल इतका चढ आणि मग शांतपणे उतार, ही हवी ती रेषा. ती सापडली की चाक जाणूनबुजून थोडे पुढे न्यावे, छर्रा स्पष्ट वर चढताना पाहावा, आणि मग मागे येऊन योग्य जागा पक्की करावी. एका बाजूने येऊन थांबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी घेरून थांबलेली जागा अधिक भरवशाची असते.

छर्रा वर-खाली न जाता बाजूला वळू लागला तर आधी बंदूक सरळ आहे ना ते पाहावे. वरचा जोर छऱ्याच्या वरच्या दिशेने नव्हे, तर बंदुकीच्या वरच्या दिशेने लागतो. बंदूक तीस अंशांनी कलती धरली तर त्या जोराचा निम्मा भाग बाजूला लागतो आणि छर्रा त्या बाजूला वळतो. भिंतीआडून बंदूक आडवी करून मारणाऱ्यांचे छर्रे कमान करून बाजूला जातात ते यामुळे. बंदूक सरळ असूनही प्रत्येक छर्रा एकाच बाजूला वळत असेल, तर रबरी बाही नळीवर तिरकी बसली आहे. ती उघडून नीट बसवावी लागते. छर्रे कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटत असतील, तर दोष बहुधा मळलेल्या नळीत किंवा छऱ्यांत असतो. स्वस्त छऱ्यांच्या आत हवेचा बुडबुडा राहतो, शिवणीवर कंगोरा राहतो, आणि असा छर्रा कोणत्याही हॉपने सरळ जात नाही. जड वजनाच्या चांगल्या छऱ्यांवर खर्च करणे हे बंदुकीत महागडी स्प्रिंग घालण्यापेक्षा नेहमीच जास्त फळ देते.

नवी रबरी बाही घातल्यावर पहिल्या काही शे छऱ्यांत तिचा उंचवटा बसतो, म्हणून तेवढे मारून झाल्यावर हॉप पुन्हा पाहावा. थंडीत रबर कडक होते; दुपारच्या उन्हात बरोबर असलेला हॉप पहाटेच्या गारठ्यात वेगळे वागतो. डायलवरच्या आकड्याला स्वतःचा अर्थ काही नसतो. एका बंदुकीवरचा पाच दुसरीवरच्या पाचसारखा असत नाही. पण त्याच बंदुकीवर, त्याच वजनाच्या छऱ्यासाठी सापडलेली जागा बारीक खूण करून ठेवली तर पुढच्या वेळी चाचपडावे लागत नाही. पूर्वी बरोबर असलेली जागा अपुरी पडू लागली आणि नळी पुसूनही फरक पडला नाही, तर उंचवटा झिजला आहे असे समजावे.

हॉप लावून झाल्यावरच वेग मोजावा, आणि त्याच छऱ्याने. दाबलेल्या रबरामुळे वेग बदलतो, आणि गॅसच्या बंदुकीत व लांब नळीच्या काही बंदुकांत जड छर्रा नळीत जास्त वेळ राहून हवेचा दाब अधिक शोषतो. मग त्याची ऊर्जा हलक्या छऱ्यापेक्षा वाढते. ०.२० ग्रॅमच्या छऱ्याने मर्यादेत असलेली बंदूक ०.२८ ने मर्यादा ओलांडू शकते, आणि जपानमध्ये ही मर्यादा केवळ मैदानाच्या नियमाची नाही, कायद्याची आहे.

पल्ला वाढतो तेव्हा धोक्याचे अंतरही वाढते. हॉपविना तेहतीस मीटरवर जमिनीत जाणारा छर्रा नीट लावलेल्या हॉपने पन्नास मीटरवर छातीच्या उंचीवर, सेकंदाला वीस मीटरहून अधिक वेगाने येतो, आणि तो वेग डोळ्याला इजा करायला पुरेसा आहे. हॉप लावण्याच्या जागीही लक्ष्याच्या मागे आणि बाजूला कोणी उभे राहू नये, आणि डोळ्याभोवती पूर्ण बंद होणारा चष्मा मारणाऱ्यासकट सर्वांनी घातलेला असावा.